नावे इंग्रजीत का म्हणून?

दहावीचा निकाल लागला की मराठी माध्यमाच्या शाळांच्या पानांवर गुणवंतांची चित्रे झळकू लागतात. वर शाळेचे नाव मराठीत, त्याखाली 'हार्दिक अभिनंदन' मराठीत, तळाशी 'मुख्याध्यापक, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी' हेही मराठीत. मधोमध जिच्यासाठी हा सगळा थाट, त्या मुलीचे नाव तेवढे इंग्रजी मोठ्या अक्षरांत. प्रमाणपत्रांचीही हीच गत. याचे कारण विचारले की ठरलेले उत्तर येते : "एक्सेलच्या यादीतून मराठी नावे घेतली की तुटतात. सॉफ्टवेअरला मराठी झेपत नाही."

हे उत्तर शिक्षकांच्या खोलीत इतके मुरले आहे की त्यावर कोणी वाद घालत नाही. शिवाय ते एकटे येत नाही, दोन सल्ले बरोबर घेऊन येते. पहिला सल्ला असा की मराठी हवीच असेल तर एकेक नाव हाताने टाकावे, तेच सुरक्षित. दुसरा असा की मंडळाच्या निकालात इंग्रजी नावे आयती मिळतात, त्यांचेच यंत्राकडून मराठी करून घ्यावे. माझे म्हणणे असे की मूळ उत्तर चुकीचे आहे आणि दोन्ही सल्ले त्याहून चुकीचे आहेत. नावे तुटतात हे खरे आहे. पण ती कुठे तुटतात, का तुटतात आणि तुटण्याआधी ते कसे ओळखायचे, हे सगळे ठाऊक असलेले आहे. ज्या दोषाचे ठिकाण बोट ठेवून दाखवता येते, तो भाषेच्या माथी मारता येत नाही.

आधी 'झेपत नाही' या शब्दांकडे पाहू. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोज २००० पासून संगणकासोबत येऊ लागला. त्याच संगणकावर वर्डमध्ये शाळा रोज मराठी पत्रे टाइप करते आणि त्यांत एकही वेलांटी हलत नाही. मग चित्रावर नाव उमटवतानाच काय बिघडते?

बिघडते ते असे. संगणकात 'शिंदे' हा शब्द श, वेलांटी, अनुस्वार, द, मात्रा या क्रमाने साठवलेला असतो. म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. कागदावर मात्र वेलांटी श च्या आधी काढायची असते. साठवणीच्या क्रमावरून दिसण्याचा क्रम लावणे, क आणि ष यांचा क्ष करणे, रफार उचलून योग्य अक्षराच्या डोक्यावर ठेवणे ही सगळी कामे एक वेगळी यंत्रणा करते. आज ते काम अनेक ठिकाणी 'हार्फबझ' नावाचा मुक्त प्रकल्प करतो. क्रोम आणि फायरफॉक्सच्या पोटात तोच आहे. ही यंत्रणा वाटेत नसली, तर प्रोग्रॅम फॉन्टमधली अक्षरे साठवणीच्या क्रमाने नुसती शेजारी शेजारी मांडत जातो. मग 'शिंदे'मधली वेलांटी श ला सोडून द च्या अंगावर जाते, 'श्रीकृष्ण'मधली जोडाक्षरे फुटून त्यांचे पाय मोडलेले दिसतात आणि 'अर्चना'मधला र सुटा उभा राहतो. 'सॉफ्टवेअरला मराठी येत नाही' असे ज्याला म्हणतात ते एवढेच आहे. एक भाग जोडायचा राहिला आहे.

यादीतून चित्रे काढण्यासाठी नेहमी वापरले जाणारे एक साधन म्हणजे पायथन भाषेतली 'पिलो' ही लायब्ररी. कोणीतरी माजी विद्यार्थी शाळेला पंधरा-वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहून देतो तो बहुधा याच्याच आधारे. पिलोकडे अक्षरे मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. एक साधी, शेजारी शेजारी मांडणारी. दुसरी `raqm` नावाची, जी हार्फबझकडून काम करून घेते. दुसरी उपलब्ध असेल तर पिलो स्वतःहून तीच वापरतो, नसेल तर मुकाट्याने पहिलीवर येतो. सगळा घोटाळा या मुकाट्याने येण्यात आहे. त्या माजी विद्यार्थ्याच्या लिनक्सवर चित्रे चोख निघतात आणि शाळेच्या विंडोजवर तोच प्रोग्रॅम नावे तोडतो, कारण विंडोजवर `fribidi.dll` ही फाइल वेगळी आणून ठेवावी लागते आणि ती नसेल तर `raqm` चालू होत नाही. दोघेही शपथेवर सांगतात की प्रोग्रॅम तोच आहे. दोघेही खरे बोलत असतात, आणि मग दोष मराठीवर जातो.

हे तपासायला दोन ओळी पुरतात :

```python
from PIL import features
print(features.check("raqm"))
```

उत्तर `True` आले तर पुढे जा. `False` आले तर एकही चित्र काढू नका, आधी तो भाग बसवा. याहूनही पक्का उपाय आहे. नाव लिहिण्याच्या आज्ञेत भाषा सांगायची :

```python
draw.text((540, 700), naav, font=font,
          anchor="ms", language="mr")
```

`raqm` नसताना भाषा सांगितली की पिलो `KeyError` देऊन जागच्या जागी थांबतो. तुटलेले नाव काढण्यापेक्षा न काढणे चांगले, हा नियम आपण प्रोग्रॅमच्याच गळी उतरवतो. शिवाय ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यात ते याच सूचनेमुळे येतात. एवढ्या एका शब्दासाठी मुलांची नावे रोमन लिपीत ढकलायची असतील, तर ती तांत्रिक अडचण म्हणता येत नाही, तो आळस आहे.

प्रोग्रॅम नको असेल त्यांच्यासाठीही हीच गोष्ट वेगळ्या नावाने उभी असते. इनडिझाइनमध्ये यादी जोडून प्रमाणपत्रे काढायची सोय जुनी आहे, पण परिच्छेदाला `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडावा लागतो. तो निवडला नाही तर वेलांट्या भरकटतात. फोटोशॉपच्या अनेक आवृत्त्यांत प्राधान्यक्रमात `World-Ready Layout` असा पर्याय असतो, तोही याचसाठी. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनांना हा त्रास सहसा होत नाही, कारण तिथे अक्षरे मांडण्याची यंत्रणा आधीच असते. म्हणजे प्रत्येक साधनात ती कळ आहे. कोणी दाबली नाही, एवढाच प्रश्न आहे.

यावर प्रतिपक्षाचे लोक म्हणतील, "आम्ही ब्राउझरमधलेच साधन वापरले, तरीही प्रश्नचिन्हे आली." आली असतील. पण ती चित्राने आणलेली नाहीत, यादीनेच ती सोबत आणली आहेत. तुटलेली वेलांटी आणि प्रश्नचिन्ह हे दोन वेगळे आजार आहेत आणि लक्षणे पाहिली तर दोन्ही लगेच वेगळे ओळखता येतात. वेलांटी चुकीच्या जागी असेल तर अक्षरे बरोबर आहेत, मांडणी चुकली आहे. अक्षरांच्या जागी ???? असेल तर अक्षरेच उरलेली नाहीत. एक्सेलमधून फाइल साध्या `CSV (Comma delimited)` प्रकारात जतन केली की विंडोजच्या जुन्या वर्णसंचात न बसणारे प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होते. त्या फाइलमधून नावे पुन्हा मिळवता येत नाहीत. मूळ एक्सेल फाइल असेल तरच सुटका. `CSV UTF-8 (Comma delimited)` हा प्रकार त्याच यादीत थोडा वर दिसतो, तो निवडायचा. `à¤°` अशी विचित्र चिन्हे दिसली तर घाबरू नका. तिथे अक्षरे शाबूत असतात, फक्त फाइल चुकीच्या वर्णसंचात उघडलेली असते. सर्वांत बरे म्हणजे सीएसव्हीच्या वाटेलाच न जाता प्रोग्रॅमने थेट `.xlsx` फाइल वाचावी.

तिसरा आजार सर्वांत जुना आहे आणि शाळांच्या कार्यालयांत तोच जास्त दिसतो. वर्षानुवर्षे नावे कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर 'राम' दिसते, पण कृतिदेवमध्ये पेशीत प्रत्यक्ष साठलेले असते `jke`. फॉन्टने त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. ही यादी चित्रावर उतरवली की मुखवटा गळून पडतो आणि मुलाचे नाव `jke` होते. इथेही आरोप मराठीवरच येतो, आणि गंमत म्हणजे त्या पेशीत मराठीचे एकही अक्षर नसते. ओळखायची खूण सोपी आहे. शेजारच्या पेशीत हे सूत्र टाका :

```
=UNICODE(B2)
```

ते पहिल्या अक्षराचा क्रमांक सांगते. देवनागरीचे क्रमांक २३०४ ते २४३१ या पट्ट्यात असतात. र आला तर २३५२ दिसेल. १०६ दिसले तर तो इंग्रजी `j` आहे, म्हणजे यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करायला हवी. रूपांतराची साधने पुष्कळ आहेत, पण ती जोडाक्षरांत चुका करतात. त्यामुळे रूपांतरानंतर नावे डोळ्यांनी वाचावीच लागतात.

यादीतच लपलेला आणखी एक दोष मुद्दाम सांगतो, कारण तो मराठीत येतो आणि हिंदीत काम करणाऱ्यांच्या गावीही नसतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाडपांडे या आडनावांतला डोळ्याच्या पापणीसारखा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारे जोडचिन्ह, ज्याचा क्रमांक ८२०५ आहे. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण एक्सेलला ते वेगळे शब्द वाटतात. `LEN` विचारले तर एका 'गोऱ्हे'ची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. म्हणून दोन याद्या नावावरून जुळवायला गेलात तर नेमकी हीच मुले गळतात. त्याहून वाईट म्हणजे कोणी यादी 'स्वच्छ' करताना न दिसणारी चिन्हे उडवली, तर दुसऱ्या प्रकारच्या नावातले जोडचिन्ह जाते आणि पापणीचा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो. गोऱ्हे घराण्यातल्या कोणालाही आपले आडनाव तसे दिसलेले चालणार नाही. यादी हाती आल्याबरोबर सगळी नावे एकाच प्रकारात आणावीत :

```
=SUBSTITUTE(B2,
  UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),
  UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

आता दुसऱ्या सल्ल्याकडे येतो : निकालातली इंग्रजी नावे घ्या आणि यंत्राकडून मराठी करा. हा सल्ला ऐकायला सर्वांत शहाणा वाटतो, आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. तुटलेले नाव निदान दिसते तरी. चुकीचे पण सुबक उमटलेले नाव दिसतच नाही. रोमन लिपीत मराठी नाव लिहिताना त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ हे भेद पुसले जातात. ऱ्हस्व-दीर्घही जाते. `Kale` पाहून काळे की काले हे कोणताही प्रोग्रॅम जाणू शकत नाही, कारण ती माहिती त्या चार अक्षरांत उरलेलीच नाही. `Dandekar` मध्ये तर एकाच नावात पहिला `D` द आहे आणि दुसरा ड. यंत्र अंदाज बांधते, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो. 'बहुतेक वेळा' हेच इथे विष आहे. पहिली दहा नावे बरोबर पाहून तपासणारा निर्धास्त होतो आणि अकरावी मुलगी 'पाटिल' होऊन जाते. त्यात मंडळाच्या निकालात आडनाव आधी येते. ते नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमात फिरवताना जोडआडनाव किंवा दोन शब्दांचे पहिले नाव असेल तर तुकडे चुकीच्या जागी पडतात.

आणि हे सगळे कशासाठी? मराठी माध्यमाच्या शाळेत मुलाचे मराठी नाव जनरल रजिस्टरमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेले असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. म्हणजे अस्सल नाव कपाटात आहे, आणि आपण ते रोमनमध्ये घालवून पुन्हा अंदाजाने मराठीत आणतो आहोत. रजिस्टरमध्येच नाव चुकले असेल तर ते दुरुस्त करायची स्वतःची रीत आहे, ती पाळावी. अभिनंदनाच्या चित्रावर कोणी परस्पर शुद्धलेखन करू नये. एखाद्या घराने 'मिनल' लिहिले असेल तर ती मिनलच, व्याकरणाच्या दृष्टीने 'मीनल' कितीही बरे वाटले तरी.

उरला पहिला सल्ला : हाताने करा, सुरक्षित असते. याचे समर्थन करणाऱ्यांकडे एक खरा मुद्दा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. यंत्राची चूक सगळ्या चित्रांत एकदम पसरते. यादीत फोटो नावाच्या शेजारी क्रमाने जोडलेले असतील आणि मधल्या एका मुलाचा फोटो आलेलाच नसेल, तर त्याच्यापुढचा प्रत्येक फोटो एक जागा वर सरकतो आणि अर्ध्या वर्गाला दुसऱ्याचा चेहरा मिळतो. हाताने करताना असे होत नाही, कारण माणूस चेहरा ओळखतो. नाव तुटण्यापेक्षा ही चूक कितीतरी अपमानास्पद आहे.

पण यातून हात सुरक्षित ठरत नाही. यातून एवढेच ठरते की क्रमावर विसंबू नये. फोटोच्या फाइलला मुलाच्या जनरल रजिस्टरचा क्रमांक हेच नाव द्यावे, `4127.jpg` असे, आणि प्रोग्रॅमने त्या क्रमांकाचाच फोटो शोधावा. तो सापडला नाही तर थांबावे, शेजारचा घेऊ नये. नाव हा जुळवणीचा आधार असू नये, कारण एका वर्गात दोन 'सानिका पवार' असू शकतात आणि वर पाहिलेली पापणीची अडचण आहेच. एवढे केले की यंत्राची ही चूक संपते. हाताच्या चुकांना मात्र असा उपाय नाही. हाताने काम करणारा आधीच्या मुलाची फाइल उघडतो, नाव बदलतो, टक्के बदलायचे विसरतो आणि जतन करतो. ही चूक कोणत्या चित्रात होईल हे सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे तपासावे लागते. यंत्राने काढलेल्या चित्रांत मांडणी एकदा, अवघड नावांवर तपासली की पुरते, आणि मजकूर चित्रात नव्हे तर यादीत तपासता येतो. ज्याची चूक कुठे होईल हे आधी ठाऊक असते, तेच काम सुरक्षित.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका कल्पित वर्गावर करून पाहू. दहावीचा बावन्न मुलांचा वर्ग आहे. यादीत पाच स्तंभ : रजिस्टर क्रमांक, पहिले नाव, वडिलांचे नाव, आडनाव, टक्के. नावे तीन स्तंभांत तोडून ठेवली की क्रम फिरवण्याची वेळच येत नाही. टक्क्यांच्या स्तंभातही एक खाच आहे. एक्सेल ९६.४० दाखवते, पण प्रोग्रॅमला ९६.४ मिळते, म्हणून चित्रात नेहमी दोन दशांश स्थळे लिहायला सांगावे लागते. मग `UNICODE` चे सूत्र खालपर्यंत ओढायचे आणि पट्ट्याबाहेरचा आकडा दिसतो का पाहायचे. पापणीचे सूत्र चालवायचे. `raqm` तपासायचे. त्यानंतर बावन्न चित्रे एकदम काढायची नाहीत. यादीतून अवघड नावे वेचायची : हृषीकेश, श्रद्धा, क्षितिज, अर्चिता, तृप्ती, ऋत्विक, एखादे वऱ्हाडपांडे. एकही जोडाक्षर, रफार, ऋकार किंवा पापणी यांतून सुटता कामा नये. ही सहा-सात चित्रे बरोबर आली तर 'ओवी माने' तुटणार नाही.

इथे एक अडचण येते, जी तुटण्याची नाही पण तितकीच महत्त्वाची आहे. चित्र १०८० पिक्सेल रुंद, नावाची चौकट ८२० पिक्सेलची. 'ओवी माने' ९६ पिक्सेलच्या अक्षरात ऐसपैस बसते, 'हृषीकेश चंद्रशेखर वऱ्हाडपांडे' मात्र चौकटीबाहेर जाते. अनेक जण यावर अक्षरे मोजून आकार ठरवतात, आणि तिथे फसतात. संगणकाच्या मोजणीत 'क्षितिज' सात अक्षरांचे आहे आणि 'श्री' चारचे, कारण हलन्त आणि वेलांटीही मोजली जाते. नावाची रुंदी मोजायची ती उमटणाऱ्या शब्दाची :

```python
def akar(draw, naav, rundi=820):
    for px in range(96, 55, -4):
        f = ImageFont.truetype("Mukta-Bold.ttf", px)
        if draw.textlength(naav, font=f,
                           language="mr") <= rundi:
            return px
    return None
```

प्रत्येक नावाला आपापला आकार देऊन हे कोडे सोडवता येते, पण तसे करू नये. मग ओवीचे नाव टोलेजंग आणि हृषीकेशचे बारीक दिसेल, आणि आडनाव लांब असणे हा काही मुलाचा दोष नाही. सगळ्या बावन्न नावांचे आकार काढून त्यांतला सर्वांत लहान सगळ्यांना लावावा. तो फारच लहान येत असेल, किंवा `None` आले असेल, तर सर्वांचीच नावे दोन ओळींत घ्यावीत, पहिले नाव वर आणि बाकीचे खाली. आज्ञेतला `anchor="ms"` यासाठीच आहे. त्याने नाव ठरलेल्या आधाररेषेवर बसते. काही जण नावाची उंची मोजून ते उभे मध्यावर आणतात. त्यात उकार असलेले नाव थोडे वर सरकते आणि रफार असलेले थोडे खाली, आणि सगळी चित्रे शेजारी ठेवली की शिरोरेषा वरखाली नाचते.

यानंतर बावन्न चित्रे निघतात. मग एका मोठ्या पानावर सगळी छोटी करून मांडायची, छापायची आणि दोघांनी बसायचे. एकाने रजिस्टरमधून नाव मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने चित्रातले पाहायचे. चुकलेले नाव यादीत दुरुस्त करायचे, चित्रात कधीच नाही. चित्रात दुरुस्त केलेली चूक पुढच्या वेळी प्रमाणपत्रावर जशीच्या तशी परत येते, कारण यादी चुकीचीच राहिलेली असते. इथे कोणी विचारेल की शेवटी दोन माणसे बसवायचीच होती, तर यंत्राने काय वाचवले? बावन्न चित्रे घडवण्याचे काम वाचवले आणि ती दोन माणसे नावाकडे पाहायला मोकळी झाली. हाताने करणाऱ्या शाळेत ती दोन माणसे अक्षरे ओढूनताणून मध्यावर आणण्यात संध्याकाळ घालवतात आणि नाव वाचायला कोणी उरत नाही.

"आमच्या गावच्या शाळेत प्रोग्रॅम कोण लिहिणार?" हा शेवटचा आक्षेप, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. त्याचे उत्तर असे की वरच्या यादीतल्या बहुतेक गोष्टींना प्रोग्रॅम लागत नाही. नावे तीन स्तंभांत ठेवणे, युनिकोड तपासणे, पापणी एका प्रकारात आणणे, फोटोला रजिस्टर क्रमांक देणे, योग्य प्रकारात जतन करणे आणि रजिस्टर मांडीवर घेऊन वाचणे, हे सगळे एक्सेल येणारा कोणताही लिपिक करू शकतो. चित्रे मग ब्राउझरमधल्या एखाद्या साधनाने काढा नाहीतर छापखान्याकडून, यादी शुद्ध असली की नाव बिघडायला जागा फार थोडी उरते. उलट यादी बिघडलेली असेल तर उत्तम प्रोग्रॅमही तिची चूक सुबक अक्षरांत छापून देतो.

तेव्हा यापुढे कोणी "मराठी नावे तुटतात" असे सांगून इंग्रजी नावांचे चित्र पुढे केले, तर मुख्याध्यापकांनी ते मान्य करण्याआधी चार गोष्टी मागाव्यात. यादी सीएसव्हीत असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडल्यावर काय दिसते. `UNICODE` च्या सूत्राने कोणता आकडा दिला. साधनात अक्षरे मांडण्याची कळ कोणती आणि ती चालू आहे का. आणि सर्वांत अवघड सहा नावांची चाचणी कुठे आहे. चारही उत्तरे देऊनही नाव तुटत असेल तर आपण नवा दोष शोधला, तो दुरुस्त करू. उत्तरे नसतील तर काम झालेलेच नाही, आणि न झालेल्या कामाचे खापर मुलीच्या नावाच्या लिपीवर फोडायचा अधिकार कोणालाही नाही.